पंप नेमका कुणाकडंय?

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात काही घरांनी मिळून अवजारं घेतलीत, आणि वही माझ्याकडं आहे. आधी मी तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहायचो: पंप नेला, पंप आणला. पण फवारणीचे पंप दोन! एक परत आला, मी भलत्याच नावापुढं टिक केली आणि ज्यानं पंप आणून दिला त्याच्याच दारात मागायला गेलो. लय लाज वाटली राव.

मग वही बदलली. प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटनं नंबर टाकला आणि प्रत्येक नंबरला वेगळं पान दिलं. रकाने चारच: कुणी नेलं, कधी नेलं, कधी द्यायचं, कधी परत आलं. शेवटचा रकाना वस्तू हातात आल्यावरच भरायचा. आता ७ नंबरचा पंप कुठंय? त्याच्या पानावरची शेवटची ओळ बघा. शेवटचा रकाना रिकामा असेल तर पंप त्याच माणसाकडं.

यात एक उणीव आहे. एकाच माणसाकडं काय काय आहे, हे बघायला सगळी पानं चाळावी लागतात. आपल्याकडं ते टाळून चालत नाही. दिवाळीच्या आसपास कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर घराला कुलूप, अन् पंप आत! म्हणून तोडीला जाणाऱ्यांच्या नावापुढं परतीची तारीख दसऱ्याच्या आतलीच लिहितो. दसऱ्याला सगळी पानं चाळतो, आणि रिकामा रकाना दिसला की टोळी निघायच्या आधी फोन लावतो.