फोटोतला डबल इंटिग्रल: आधी आकृती, मग लिमिट्स

परवा रात्री एका ज्युनियरचा मेसेज आला. सोबत पुस्तकातल्या गणिताचा फोटो, त्याखाली वहीच्या पानाचा दुसरा फोटो आणि एक ओळ: "ताई, ऑर्डर बदलून तीनदा केलं, तीनही वेळा 7/24 येतंय. पुस्तकात 3/8 आहे. पुस्तक चुकलंय का?"

पुस्तक बरोबर होतं. त्याच्या आकडेमोडीतही एकही चूक नव्हती. पण 7/24 हे एका वेगळ्याच क्षेत्राचं उत्तर आहे, आणि ते क्षेत्र त्याच्या गणितातल्या क्षेत्राला अगदी चिकटून आहे. नेट, सेट, गेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांकडून हीच चूक होते, म्हणून हे एकच गणित इथे सावकाश सोडवते.

आधी फोटो नीट वाचू

फोटोची उजवी कड कापलेली होती. xy दिसत होतं, पण त्यापुढे dy dx आहे की dx dy ते दिसत नव्हतं. आतल्या इंटिग्रलची खालची लिमिट पुसट होती: x, आणि त्याच्या डोक्यावर ठिपक्यासारखं काहीतरी. वरची लिमिट 2−x स्पष्ट होती. बाहेरच्या लिमिट्स 0 आणि 1.

कापलेल्या भागाची चिंता नको. आतल्या लिमिट्समध्ये x आहे, म्हणजे आतलं संकलन x चं असूच शकत नाही. ते y चंच, आणि बाहेरचं x चं. म्हणून क्रम dy dx. बाहेरच्या लिमिट्स नुसते आकडे आहेत, त्यामुळे तेही जुळतं.

पुसट लिमिट जरा अवघड आहे. तिथे 2x, x आणि x² असे तीन पर्याय संभवतात. 2x घेतलं तर 2x = 2−x हे x = 2/3 ला होतं. त्यापुढे 1 पर्यंत 'खालची' रेषा वरच्या रेषेच्या वर जाते. अभ्यासाच्या गणितात सहसा असं नसतं, म्हणून 2x बाद. x आणि x² मात्र दोन्ही 2−x ला (1, 1) इथेच भेटतात, त्यामुळे नुसत्या छेदबिंदूवरून त्यांच्यातला फरक कळत नाही. इथे छापलेलं उत्तर कामाला येतं. x घेऊन सरळ सोडवलं तर 1/3 येतं. x² घेतलं तर 3/8. म्हणजे तो ठिपका म्हणजे वर्गाचा 2 होता.

तर गणित असं (लिमिट्स चौकटी कंसात लिहिते, म्हणजे कुठली कुणाची यात गोंधळ नको):

```
∫[x=0→1] ∫[y=x²→2−x]  x·y  dy dx
```

आता आकृती

लिमिट्सकडे चार वाक्यं म्हणून बघा. x हा 0 पासून 1 पर्यंत. प्रत्येक x ला y सुरू होतो y = x² या पॅराबोलावर. संपतो y = 2−x या रेषेवर. आणि आतलं संकलन y चं आहे, म्हणजे पट्टी उभी आहे.

अक्ष काढा. रेषा (0, 2) पासून उतरत (1, 1) मधून (2, 0) ला जाते. पॅराबोला (0, 0) पासून चढत (1, 1) ला येतो. (1, 1) वर ठळक टिंब द्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आता x = 0.5 ला एक उभी पट्टी काढा: खालचं टोक 0.25 ला पॅराबोलावर, वरचं 1.5 ला रेषेवर. ही पट्टी डावीकडे 0 पर्यंत आणि उजवीकडे 1 पर्यंत सरकवली की जेवढा भाग झाकला जातो, ते आपलं क्षेत्र. त्याची डावी कड म्हणजे y-अक्षाचा 0 ते 2 हा तुकडा, वर रेषा, खाली पॅराबोला आणि उजवीकडे (1, 1) चं टोक.

भाग लगेच पेन्सिलीने रंगवा. कारण याच आकृतीत दुसराही एक बंदिस्त तुकडा दिसतो: पॅराबोलाच्या खाली, रेषेच्या आत आणि x-अक्षाच्या वर. तो आपला नाही. खात्रीसाठी एक बिंदू घालून बघा. (0.5, 1) साठी 0.25 ≤ 1 ≤ 1.5 हे खरं आहे, म्हणून तो आत. (0.8, 0.2) साठी x² = 0.64, आणि 0.2 त्यापेक्षा कमी, म्हणून तो बाहेर.

पट्टी आडवी करू

क्रम बदलायचा म्हणजे तेच रंगवलेलं क्षेत्र आडव्या पट्ट्यांनी झाकायचं. आता प्रत्येक पट्टीला दोनच प्रश्न विचारायचे: डावं टोक कुठे, उजवं टोक कुठे?

y = 0.5 ला पट्टी काढा. डावं टोक y-अक्षावर, म्हणजे x = 0. उजवं टोक पॅराबोलावर, म्हणजे x = √y. (मुळाचं ऋण चिन्ह नको, कारण आपण x ≥ 0 मध्ये आहोत.) आता y = 1.5 ला काढा. डावं टोक अजूनही x = 0, पण उजवं टोक या वेळी रेषेवर आहे, म्हणजे x = 2−y. बदल कुठे झाला? त्या ठळक टिंबापाशी, y = 1 ला. पट्टीचं एक टोक एका वक्रावरून दुसऱ्यावर गेलं की इंटिग्रल तिथे तोडावंच लागतं:

```
∫[y=0→1] ∫[x=0→√y]   x·y  dx dy
+ ∫[y=1→2] ∫[x=0→2−y]  x·y  dx dy
```

पहिल्यात आतलं संकलन y·y/2, मग 0 ते 1 घेतल्यावर 1/6. दुसऱ्यात आतलं y(2−y)²/2, मग 1 ते 2 घेतल्यावर 5/24. बेरीज 4/24 + 5/24 = 9/24, म्हणजे 3/8.

मग 7/24 कुठून आलं?

ज्युनियरच्या वहीत आकृती नव्हती. त्याने y = x² वरून x = √y काढलं, y = 2−x वरून x = 2−y काढलं, छेदबिंदू 1 ला मिळाला आणि लिहिलं:

```
∫[y=0→1] ∫[x=√y→2−y]  x·y  dx dy
```

बीजगणित म्हणून प्रत्येक पायरी बरोबर दिसते. पण ही आडवी पट्टी पॅराबोलावर सुरू होऊन उजवीकडे रेषेवर संपते. म्हणजे तो वर सांगितलेला, आपला नसलेला तुकडा आहे. दोन्ही तुकडे एकत्र केले तर (0, 0), (2, 0), (0, 2) हा पूर्ण त्रिकोण होतो. त्या त्रिकोणावर xy चं संकलन 2/3, म्हणजे 16/24 आहे. त्यातले 9/24 आपले, आणि उरलेले 7/24 त्याने तीनदा, अगदी अचूक, काढले होते.

समीकरणं उलटी केली की फक्त वक्रांची नावं बदलतात. डावं टोक कोणाचं आणि उजवं कोणाचं हे त्यातून कळत नाही. इथे डावं टोक x = 0 वर आहे, आणि ती रेषा मूळ आतल्या लिमिट्समध्ये कुठेही नाही. ती बाहेरच्या लिमिटमधून आली आहे, आणि आकृती नसली की हमखास सुटते.

उत्तर छापलेलं नसेल तर?

परीक्षेत 3/8 समोर नसतं. अशा वेळी xy च्या जागी 1 ठेवून दोन्ही क्रमांनी क्षेत्रफळ काढा. दोन ओळींचं काम आहे. मूळ क्रमात 2 − 1/2 − 1/3 = 7/6. आपल्या दोन तुकड्यांत 2/3 + 1/2 = 7/6. जुळलं. ज्युनियरच्या लिमिट्सनी 2 − 1/2 − 2/3 = 5/6 येतं, म्हणजे xy ला हात लावायच्या आधीच चूक सापडली असती.

या तपासणीतून एक चूक मात्र निसटते. घाईत x आणि y ची अदलाबदल झाली, तर क्षेत्र y = x या रेषेत उलटं होतं, पण क्षेत्रफळ तेच राहतं. xy ला तर x, y सारखेच, त्यामुळे अंतिम उत्तरही तेच येईल आणि चूक झाकलेली राहील. म्हणून 1 नंतर नुसता x ठेवून बघा. मूळ क्रमात 1 − 1/3 − 1/4 = 5/12, आपल्या तुकड्यांत 1/4 + 1/6 = 5/12. उलट्या क्षेत्रावर हेच 16/15 येतं, लगेच कळतं.

क्रम बदलायचाच कशाला?

हे ज्युनियरने नंतर विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. या गणितात मूळ क्रम एकाच इंटिग्रलचा होता, बदलल्यावर दोन झाले. म्हणजे इथे क्रम बदलणं तोट्याचंच, ते फक्त सरावासाठी. पण हे बघा:

```
∫[x=0→1] ∫[y=x→1]  e^(y²)  dy dx
```

e^(y²) चं प्रतिसंकलन नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही, त्यामुळे आतल्या पायरीलाच गाडी अडते. आकृती काढा: (0, 0), (0, 1), (1, 1) हा त्रिकोण. आडवी पट्टी x = 0 वर सुरू होते आणि x = y वर संपते, y हा 0 ते 1, कुठेही तोडायची गरज नाही. आतलं संकलन y·e^(y²), आणि तो जादाचा y मिळाला की उत्तर सरळ (e−1)/2.

ही दोन्ही फलनं आपापल्या बंद, मर्यादित क्षेत्रावर सलग आहेत, म्हणून क्रम बदलला तरी किंमत तीच राहते. फलन क्षेत्रातल्या एखाद्या बिंदूवर अनंताकडे जात असेल, तर ही हमी गृहीत धरू नका, आधी ते तपासा.

ज्युनियरने काल नवीन फोटो पाठवला. या वेळी वहीच्या पानावर आधी आकृती होती, एक भाग रंगवलेला आणि (1, 1) वर पेनाने गिरवलेलं मोठं टिंब. उत्तर मी तपासलं नाही, क्षेत्रफळ त्याने स्वतःच तपासलं होतं.