दोनशे चाळीसच्या अलीकडे

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या अंमलाबरोबर इतिहासजमा झाला. त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत कारखानदारांची सोय आणि गुंतवणुकीची गती यांविषयी पुष्कळ बोलले गेले; परंतु त्या कायद्याच्या २५-ब या कलमातील ज्या एका आकड्याभोवती मुंबईच्या गिरणगावातील बदली कामगारांचे आयुष्य फिरत राहिले, त्याचा उच्चार कोणी केल्याचे माझ्या कानी आले नाही, याचे मला दुःख झाले. मागील बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस काम भरले की एक वर्षाची अखंड सेवा झाली असे ते कलम मानीत असे. तो आकडा माझ्यापुढे सजीव झाला तो एका हजेरी कारकुनाच्या तक्त्यातून, आणि म्हणून हा मागोवा त्या तक्त्याचाच आहे.

एका गिरणीच्या टाइम ऑफिसात मी साठीच्या दशकात रुजू झालो. त्या पहिल्या वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. भोंगे होत, पाळ्या बदलत, दहा तारखेला पगार वाटला जाई. मनात खोल रुतून बसले आहे ते १९७२ ते १९८१ हे दशक. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो बदलीवाला. पूर्वी त्याची निवड सर्वस्वी जॉबरच्या मर्जीवर असे. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रणाची योजना आली आणि त्याच्या हाती कार्ड पडले. आमच्या गिरणीत काम मिळो वा न मिळो, बदलीवाल्याने पाळीच्या वेळी फाटकावर येऊन त्या कार्डावर शिक्का मारून घ्यावा, असा शिरस्ता होता.

साचेखात्याचा हजेरीपट ज्यांच्याकडे होता ते कारकून माझ्याहून बरेच वडील होते. हजर दिवस काळ्या शाईने, गैरहजर दिवस तांबड्या शाईने, आणि महिनाअखेरची बेरीज रकान्याच्या बरोबर मध्यावर, असे त्यांचे अक्षर होते की वर्षाचे दफ्तर उघडले तरी एका बैठकीत लिहिल्यासारखे दिसावे. दफ्तराचा नियम एवढाच होता की महिन्याचा तक्ता महिन्यापुरता. परंतु बेरजा अर्धवट टाकणे त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे, प्रत्येक बदलीवाल्याच्या बारा महिन्यांच्या बेरजा एका ओळीत मांडणारा वार्षिक गोषवारा ते स्वतःच्या हौसेने ठेवीत.

त्या गोषवाऱ्यात त्यांना प्रथम एवढेच दिसले की बहुतेक ओळींच्या बेरजा दोनशे तीस ते दोनशे एकोणचाळीस यांच्या दरम्यान थांबतात. याचे कारण गावी जाण्यात असेल असे त्यांना वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते, कारण कोकणचा माणूस शिमग्याला व गणपतीला, घाटावरचा मे महिन्यात, अशी गिरणी ओस पडण्याची वहिवाटच होती. परंतु सण सर्वांना एकाच महिन्यात येतात. हजेरी घसरण्याचा महिना मात्र दर ओळीत निराळा होता. मग एके दिवशी त्यांनी बिल्ल्याच्या क्रमाऐवजी नोकरीस लागल्याच्या महिन्याच्या क्रमाने नावे पुन्हा उतरवली, आणि इतके दिवस विखुरलेले तांबडे ठिपके जिन्याच्या पायऱ्यांसारखे कागदाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके उतरत गेले. जो ज्या महिन्यात लागला, त्याच्या आदल्या महिन्यात, म्हणजे त्याचे वर्ष भरण्याच्या उंबरठ्यावर, त्याची हजेरी निम्म्यावर येत होती.

काम कमी होते म्हणावे, तर त्याच दिवशी खात्यात बोलावलेल्या बदल्यांची एकूण संख्या नेहमीइतकीच होती. माणूसच आला नाही म्हणावे, तर फाटकावरचा शिक्का त्याच्या कार्डावर होता. माणूस दारात उभा आणि तक्त्यात गैरहजर, असे दोन कागद समोरासमोर ठेवल्यावर शंकेला जागा उरली नाही.

एवढ्यावर ते थांबले असते तर ती केवळ एका लबाडीची नोंद झाली असती. त्यांनी कलमाची भाषा पुन्हा वाचली. गिरणी मोजत होती ते नेमणुकीच्या महिन्यापासूनचे वर्ष. कायदा म्हणत होता ते हिशेबाच्या दिवसापूर्वीचे कोणतेही बारा महिने. जून महिन्यात लागलेल्या एका बदलीवाल्याची ओळ मला आजही पाठ आहे. नवखा म्हणून पहिल्या तीन महिन्यांत त्याला तेहेतीसच दिवस मिळाले. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत दरमहा चोवीसप्रमाणे एकशे ब्याण्णव. आणि मे महिन्यात, सारे तो गावी गेला असे समजत असता, फाटकावर रोज उभा राहून केवळ बारा. वर्षाची बेरीज दोनशे सदतीस. परंतु पुढच्या जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांत त्याने त्र्याहत्तर दिवस भरले, आणि सप्टेंबर ते ऑगस्ट असे बारा महिने धरताच बेरीज दोनशे सत्त्याहत्तर झाली. ज्याला अलीकडच्या तीरावर रोखून धरले होते, तो कायद्याच्या दृष्टीने केव्हाच पलीकडे पोहोचला होता. केवळ त्या कलमाने कोणी कायम होत नसे, हे खरे. फाटकावर त्याविषयी भलत्या आशा होत्या. परंतु ले-ऑफच्या भरपाईतून त्याला ‘बदली’ या नावाखाली वगळता येत नसे, आणि कपात करायची तर एक महिन्याची नोटीस व सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे.

हा गोषवारा त्यांनी वरिष्ठांपुढे ठेवला. १९७५ पासून महाराष्ट्रात लागू झालेला अनुचित कामगार प्रथांचा कायदा, कायमपणाच्या हक्कांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली म्हणून राबवणे ही अनुचित प्रथा आहे असे स्पष्ट शब्दांत सांगत होता, हेही त्यांनी नम्रपणे लिहून दिले. उत्तरादाखल हुकूम आला तो गोषवारा बंद करण्याचा. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली कापसाच्या गोदामात झाली. ज्या पुढाऱ्याकडे ते मागाहून गेले त्याने कागद ठेवून घेतला आणि त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. त्या दोघांनाही मी आजपर्यंत क्षमा केलेली नाही, कारण त्या एका कागदावर शेकडो घरांचा हक्क मांडलेला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, आणि तो कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. कायम कामगाराजवळ निदान नेमणुकीचा कागद होता. बदलीवाल्याजवळ विटलेल्या शिक्क्यांचे कार्ड. पुढे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की दोनशे चाळीस दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे आणि त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र त्याला पुरेसे नाही. हजेरीपट मालकाच्या कपाटात, आणि पुराव्याचा भार फाटकाबाहेरच्या माणसावर! कापसाच्या गोदामात धाडलेल्या त्या कारकुनाची किंमत मला तेव्हा पुरती कळली.

नंतरच्या वर्षांत गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते सर्वांना दिसते. त्याची उजळणी मी करीत नाही. परंतु नव्या संहितेत दोनशे चाळीसचा आकडा कायम असला, तरी तिच्यात मुदतबंद नेमणुकीलाही राजमान्यता आहे. करार कोणत्या तारखेला संपणार ते पहिल्याच दिवशी लिहिलेले असते, आणि मग तक्त्यात तांबडे ठिपके पाडण्याचे श्रमही कोणाला घ्यावे लागत नाहीत. ज्यांची हजेरी आजही दिवसांवर मोजली जाते, त्या कंत्राटी व रोजंदारी कामगारांसाठी माझी मागणी एवढीच आहे की दर महिन्याच्या पगारपावतीवर मागील बारा महिन्यांच्या हजेरीची चालती बेरीज छापली जावी, आणि ती पावती त्यांच्या हाती द्यावी. हजेरी आता यंत्रावर अंगठ्याने लागते. त्या यंत्राला ही बेरीज करण्यास क्षणाचाही अवधी लागणार नाही.