ओली काडी आणि निक्सनचे बटण

‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ म्हणत आपण जर-तरची भाषा उडवून लावतो. तर्कशास्त्रज्ञांना मात्र या भाषेने चांगलेच दमवले आहे, आणि तेही साध्या काडीपेटीवरून.

ओट्यावर एक कोरडी काडी पडली आहे. ती कुणी ओढली नाही. ‘ही काडी ओढली असती तर पेटली असती’ हे विधान खरे आहे. ‘ही काडी भिजवून मग ओढली असती तर पेटली असती’ हे मात्र खोटे. वरवर पाहता यात नवल काही नाही. पण भिजवून ओढणे हेही शेवटी ओढणेच. गणितात असे कधी होत नाही. ४ने भाग जाणारी संख्या सम असते. तिला ३नेही भाग जायला हवा अशी आणखी अट घातली, तरी ती समच राहते. ‘जर’च्या बाजूला अट वाढवून निष्कर्ष मोडणार नाही, असा हा भरवसा आहे. न घडलेल्या गोष्टींविषयी बोलू लागलो की नेमका तोच सुटतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९४७मध्ये काडीचेच उदाहरण घेतले होते. त्यांचा प्रश्न असा, की मनातल्या मनात काडी ओढताना बाकीचे काय जसेच्या तसे धरायचे? ती कोरडी होती, भोवती हवा होती, हे धरायचे. पण ती पेटली नाही, हीसुद्धा वस्तुस्थितीच आहे. ती पकडून ठेवली तर वेगळाच निष्कर्ष निघतो: काडी ओढली असती, तर ती कोरडी नसती! हे चूक आहे हे कुणालाही कळते. का चूक, हे सांगायला गेले की गुडमन पुन्हा जर-तरच्या विधानांवरच येऊन पोहोचत.

रॉबर्ट स्टालनेकर यांनी १९६८मध्ये आणि डेव्हिड लुईस यांनी १९७३मध्ये दुसरी वाट काढली. आपले जग जसे आहे त्याहून वेगळे असू शकले असते. अशा प्रत्येक पर्यायाला एक ‘शक्य जग’ समजा. मग ज्या शक्य जगांत काडी ओढली गेली, त्यांतली आपल्या जगाशी सर्वाधिक मिळतीजुळती जगे तेवढी पाहायची. ओट्यावरची काडी कोरडी आहे, म्हणून त्या जगांतही ती कोरडीच असते आणि पेटते. ‘भिजवून ओढली असती’ म्हटले की मात्र आपल्याला आणखी दूरच्या जगांत जावे लागते, आणि तिथे ती पेटत नाही. दोन विधाने वेगवेगळ्या जगांविषयी बोलतात, म्हणून त्यांचे भांडण होत नाही.

वाढीव अट कधी निरुपद्रवी असते, हेही यातून कळते. ‘डाव्या हाताने ओढली असती तर’ म्हटल्याने बिघडत नाही, कारण डाव्या हाताने ओढण्यासाठी जगात फारसा जास्तीचा फेरफार लागत नाही आणि काडी तिथेही पेटतेच. ‘ब्रेक ठीक असते तर अपघात टळला असता’ यावर कुणी ‘आणि रस्त्यावर तेल सांडलेले असते तर?’ असे विचारले, तर ते खंडन ठरत नाही. रस्त्यावर तेल खरोखरच सांडले होते हे त्याने दाखवले, तरच मुद्दा हलतो.

इथवर सगळे गोड. १९७५मध्ये किट फाइन यांनी मर्मावर बोट ठेवले. ‘निक्सननी बटण दाबले असते तर अणुयुद्ध झाले असते’ हे विधान खरे धरू. पण बटण दाबले, नेमक्या वेळी तारेत बिघाड झाला आणि काहीच झाले नाही, असेही एक जग आहे. बेचिराख झालेल्या जगापेक्षा ते आपल्या जगासारखे कितीतरी जास्त दिसते! मग लुईसच्या हिशेबाने युद्ध झालेच नसते, असे म्हणावे लागेल. ओली काडी आणि तुटलेली तार यांची जात एकच आहे, फक्त इथे दूरची वाटणारी अटच जवळ येऊन बसली.

१९७९मध्ये लुईसनी उत्तर दिले, आणि मला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. नुसते दिसायला सारखे असण्याला त्यांनी जवळजवळ शून्य किंमत दिली. किंमत दोन गोष्टींना: निसर्गनियम मोठ्या प्रमाणावर न मोडणे, आणि घटनांचा तंतोतंत मेळ जास्तीत जास्त काळ टिकणे. बटण दाबले जाण्यासाठी आधी नियमांचा एक छोटासा भंग लागतो. तोवरचा भूतकाळ तंतोतंत जुळतो. तार निकामी करायला दुसरा छोटा भंग लागेल. पण त्याने मिळते काय? बटणावर बोटाचा ठसा उरतो, निक्सनच्या मनात आठवण उरते, खोलीतला प्रकाश खिडकीतून बाहेर निघून गेलेला असतो. पुढचा काळ आपल्या जगाशी तंतोतंत जुळत नाही, नुसता जुळल्यासारखा दिसतो. या सगळ्या खुणा पुसायच्या तर एक छोटा भंग पुरत नाही, ठिकठिकाणी नियम मोडावे लागतात. म्हणजे तार तुटलेल्या जगात एक जादा भंग पदरी पडतो आणि मोबदल्यात काहीच मिळत नाही. या हिशेबाने युद्धाचे जगच जवळचे ठरते.