अर्धवट भरलेला पूल

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातल्या उड्डाणपुलावर जालना रस्त्याची वाहतूक सतत सरकत असते. पुलाच्या गर्डरमधल्या एखाद्या छेदावर सर्वाधिक कर्तन बल, म्हणजे शिअर, कधी येईल? पूल गाड्यांनी गच्च भरल्यावर, असे सहज वाटते. पण ते खरे नाही. याचा उलगडा प्रभावरेषेने होतो. १८६०च्या दशकात जर्मनभाषक अभियंते विंकलर आणि मोर यांनी ती मांडली.

हिशेबासाठी दोन टोकांना साधा टेकलेला २० मीटरचा गर्डर घेऊ. हे माप उदाहरणापुरतेच. डाव्या आधारापासून ५ मीटरवरचा छेद पाहू आणि एक टनाचे वजन गर्डरवरून चालवू. वजन छेदाच्या उजवीकडे असेल, तर छेदातले शिअर डाव्या आधाराच्या प्रतिक्रियेएवढेच असते. ते छेदाशी ०.७५ आणि उजव्या टोकाला शून्य. वजन छेदाच्या डावीकडे गेले की प्रतिक्रियेतून ते वजन वजा होते, म्हणून शिअर ऋण होते: टोकाला शून्य, छेदाशी उणे ०.२५. वजनाच्या जागेनुसार हे शिअर आखले की प्रभावरेषा मिळते. छेदापाशी या रेषेची उडी बरोबर १ आणि दोन्ही तुकडे समांतर. तसे नसेल तर रेषा चुकली आहे, हे लगेच कळते.

आता दर मीटरला २ टन असा पसरलेला भार घ्या. पूर्ण गर्डर भरला तर शिअर १० टन. डावीकडचे ५ मीटर रिकामे ठेवले तर ११.२५ टन. डावीकडचा भार मदतीला येत होता, तो काढल्यावर छेदाची परिस्थिती बिघडली.

चाकांच्या भाराचे गणित आणखी बारीक आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ‘क्लास ए’ गाडीत पुढे २.७ टनांचे दोन अक्ष, मग ११.४ टनांचे दोन आणि मागे ६.८ टनांचे चार असतात. गाडी उजवीकडून डावीकडे जात असताना पहिला २.७ टनी अक्ष छेदावर पोहोचला, तेव्हा शिअर १७.९ टन. पहिला ११.४ टनी अक्ष छेदाच्या किंचित उजवीकडे आला, की पुढचे दोन हलके अक्ष छेद ओलांडून थोडे कमी करतात, तरीही बेरीज २२.९ टन होते. तोच अक्ष छेद ओलांडतो त्या क्षणी एकदम ११.४ टन घटतात. दुसरा जड अक्ष छेदाशी येईपर्यंत शिअर पुन्हा वाढते, पण १४.७ टनांपर्यंतच. म्हणून अक्ष एकेक करून छेदाशी लावून पाहायचे. मधल्या जागा तपासाव्या लागत नाहीत.

यावर धक्क्यासाठी या लांबीच्या काँक्रीट पुलाला सुमारे १७ टक्के वाढ आणि गर्डरचे स्वतःचे वजन मिळवावे लागते. गाडीचा किती वाटा कोणत्या गर्डरवर जातो, हेही वेगळे काढायचे असते. ऋण शिअरसाठी गाडी डावीकडच्या भागात ठेवून हिशेब पुन्हा करावा. सलग गर्डर असेल तर या सरळ रेषा वक्र होतात. तेथे म्यूलर-ब्रेस्लाउचे १८८६चे तत्त्व कामी येते. गर्डरमधल्या पोलादी रिंगांमधले अंतर अशा प्रत्येक छेदाच्या सर्वाधिक शिअरवरून ठरते. नुसता भरलेला पूल धरला, तर तिरप्या भेगांना अडवणाऱ्या या रिंगा नेमक्या आधारापासून आतल्या भागात विरळ पडतात.