गाइड अजिंठ्याला, पायपीट वेरूळला

समजा, आईवडील, दोन मुलं आणि आजी असं पाच जणांचं कुटुंब अजिंठा-वेरूळला निघालंय. प्रवास, जेवण आणि साध्या खोल्या धरून वर पाच हजार रुपये उरतात. तिकिटं त्यात सहज बसतात: भारतीयांना माणशी 40 रुपये आणि 15 वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. मग बाकीचे पैसे कशावर घालायचे?

माझ्या मते पहिला खर्च अजिंठ्याच्या परवानाधारक गाइडचा. 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांतली चित्रं जातककथांची आहेत आणि त्या आपल्या कानावरून फारशा गेलेल्या नसतात. आत उजेड कमी, रंग जागोजागी उडालेले, शिवाय गर्दीच्या दिवशी फार वेळ उभं राहू देत नाहीत. पद्मपाणी कुणालाही ओळखू येतो, पण 17व्या लेण्यात सगळं दान करून बसलेला राजपुत्र विश्वंतर कुठे आणि त्याची गोष्ट कुठून कुठे सरकते, हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. त्या भिंतीसमोरची दहा मिनिटं वाया गेली, तर एवढ्या लांब येऊन हाती फक्त फिकट डाग लागतात.

वेरूळला मात्र गाइडवाचून चालतं. कैलास लेण्यात रामायण-महाभारताचे शिल्पपट आहेत, कैलास हलवणारा रावण आहे. या गोष्टी आजीच नातवंडांना सांगेल, आणि गाइडपेक्षा रंगवून सांगेल. लेणं पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारनंतर समोरून ऊन येतं. तेव्हा दिवसाचा शेवट तिथे करावा.

दुसरा खर्च फर्दापूरच्या मुक्कामाचा. अजिंठा संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटर. दिवसभराच्या गाडीला तीन हजारांच्या घरात मोजूनही तुम्ही ऐन गर्दीत पोचता. शिवाय फर्दापूर फाट्यावर खासगी गाडी सोडून तिथल्या बसनंच लेण्यांपर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी एसटीनं फर्दापूर गाठावं, साध्या खोलीत राहावं आणि सकाळी नऊला पहिल्या गर्दीआधी आत शिरावं. महागडं हॉटेल सरळ वगळावं, कारण खोलीत तुम्ही फक्त झोपणार आहात.

एका दिवसात वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा उरकणारी सहलही मी सोडून देईन. अशा सहलीत अनेकदा वाटेवरच्या साड्यांच्या दुकानात तासभर जातो आणि कैलासाला घाईघाईचा अर्धा तास उरतो.

गाइड आणि मुक्काम झाल्यावर जे उरेल, ते आजीच्या डोलीसाठी राखावं. अजिंठ्याच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत आणि ती खाली बसून राहिली, तर तिची सहल तिथेच संपते. भाव मात्र बसण्याआधी ठरवून घ्यावा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणून निघायचा वार निवडताना हे दोन्ही दिवस टाळावेत.