केमोची साखर, इम्युनोची साखर

रात्री दोन वाजता मुलाने वडिलांच्या बोटाला सुई टोचली आणि ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही. HI अशी दोन अक्षरं उमटली. सेल उतरले असतील म्हणून त्याने दुसरी पट्टी लावली. पुन्हा HI. यंत्र बिघडलेलं नव्हतं. बहुतेक मीटर 600 पर्यंतच मोजतात आणि त्याच्या वर गेलं की एवढंच सांगतात.

घाटकोपरच्या या गृहस्थांची गोष्ट मी अशा तीन-चार फायली एकत्र करून सांगतो आहे, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही. वय 61, वजन 58 किलो, फुप्फुसाचा कर्करोग. उपचार परळला, घर मात्र घाटकोपरला. माझा दवाखाना मुलुंडला आहे आणि आम्हा उपनगरातल्या डॉक्टरांचा या आजाराशी संबंध असाच येतो. औषध शहरात चढतं, त्याचे परिणाम दोन आठवड्यांनी स्लो लोकलच्या या टोकाला दिसतात, तेही बहुधा रात्री.

या काकांना त्या रात्री आणण्याच्या तीन दिवस आधी जवळच्या एका डॉक्टरांनी साखर तपासली होती. 310 आली. घरच्यांनी सांगितलं, ‘केमो चालू आहे.’ डॉक्टरांनी मान डोलावली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची गोळी लिहून दिली आणि गोड बंद करायला सांगितलं. त्यांना दोष देणं सोपं आहे. केमोच्या रुग्णाची साखर वाढते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं आणि बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. इथे चूक त्या एका शब्दात होती. काकांना केमो चालू नव्हतीच.

केमोची साखर म्हणजे काय ते आधी सांगतो. माझ्याकडे बोरिवलीच्या एक बाई येतात. त्यांना स्तनाच्या कर्करोगासाठी दर गुरुवारी पॅक्लिटॅक्सेल दिलं जायचं. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळतात. त्या द्रावकाची अंगावर जोरदार प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून सलाईनच्या आधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. उलट्या आवराव्यात म्हणूनही हेच स्टिरॉइड वापरतात. म्हणजे ‘केमोने शुगर वाढली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती वाढवलेली असते केमोसोबत आलेल्या या स्टिरॉइडने. 8 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे साधारण 50 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन. आपलं शरीर दिवसभरात स्वतः जेवढं बनवतं, त्याच्या कितीतरी पट.

स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर सोडतं आणि स्नायू इन्शुलिनचं ऐकेनासे होतात. स्वादुपिंड मात्र शाबूत असतं, त्याला फक्त जास्त काम पडतं. ही साखर जेवणानंतर उसळते आणि रात्रभरात बरीच उतरते. बोरिवलीच्या बाई शुक्रवारी सकाळी रिकाम्या पोटी तपासायच्या, 108 यायची, आणि त्या खूश व्हायच्या. मी त्यांना गुरुवारी रात्री जेवणाआधी बोट टोचायला सांगितलं. 296 आली. रविवारपर्यंत पुन्हा सगळं जागेवर. म्हणून स्टिरॉइडच्या दिवसांत फक्त उपाशीपोटीची साखर पाहणं म्हणजे चोर येऊन गेल्यावर कुलूप तपासणं. पाहायची ती दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी. स्टिरॉइडचा डोस मात्र स्वतःच्या मनाने चुकवायचा नाही. त्या दोन दिवसांपुरत्या गोळ्या किंवा थोडं इन्शुलिन देऊन भागतं.

अनेक नातेवाइकांना सलाईनमधल्या ग्लुकोजची धास्ती असते. ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध मिठाच्या पाण्यात चालत नाही, ते 5 टक्के ग्लुकोजमध्येच द्यावं लागतं. पण अर्ध्या लिटरमध्ये साखर असते 25 ग्रॅम, पाचेक चमचे. त्यासाठी भांडू नका. रक्ताच्या कर्करोगात मुलांना देतात त्या अ‍ॅस्पॅराजिनेजसारखी काही मोजकी औषधं इन्शुलिनची निर्मितीच कमी करतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता काकांकडे वळू. त्यांना मिळत होतं पेम्ब्रोलिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी 200 मिलिग्रॅम. ही इम्युनोथेरपी. ती पेशी मारत नाही, रोगप्रतिकारशक्तीचा ब्रेक काढते. आपल्या टी-पेशींवर पीडी-वन नावाचा एक ब्रेक असतो. कर्करोगाची पेशी पीडी-एल-वन नावाचं प्रथिन अंगावर मिरवून तो ब्रेक दाबते आणि वाचते. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना असे ब्रेक काढण्याच्या शोधासाठी 2018 चं नोबेल मिळालं. पण हे प्रथिन वापरणारी कर्करोगाची पेशी एकटी नाही. स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीही धोक्याच्या वेळी तेच पुढे करून स्वतःचा जीव वाचवतात. औषधाने ब्रेक निघाला की काही जणांमध्ये टी-पेशी या बीटा पेशींवर तुटून पडतात. हे होतं साधारण शंभरातल्या एकाला. पण ज्याला होतं त्याच्या बीटा पेशी काही आठवड्यांत, कधी काही दिवसांत संपतात. म्हणजे साठी उलटलेल्या माणसाला लहान मुलांना होतो तसा, इन्शुलिनशिवाय न भागणारा मधुमेह.

काकांच्या फाईलमध्ये पहिल्या डोसआधीची साखर होती 94. चौथ्या डोसआधी 138. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही, कारण 138 ला कोण घाबरतो? त्यानंतर दहाव्या दिवसापासून तहान लागू लागली. घरच्यांना वाटलं ऑक्टोबरचं ऊन. रात्री चार-पाचदा लघवीला उठणं, म्हणजे वय झालं. वजन उतरणं, म्हणजे कर्करोग. शेवटी उलट्या आणि पोटदुखी, म्हणजे औषधाचा त्रास. प्रत्येक लक्षणाला घरात आधीच एक कारण तयार होतं, इथेच घात होतो. त्या रात्री मुलाला खटकला तो श्वास. बाबा झोपले होते, पण धावून आल्यासारखे खोल श्वास घेत होते.

तो श्वास ही शरीराची शेवटची धडपड असते. इन्शुलिन नसलं की पेशी साखर वापरू शकत नाहीत आणि चरबी जाळू लागतात. त्यातून कीटोन तयार होतात, रक्त आम्ल होतं, आणि ते आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायला फुप्फुसं भात्यासारखी चालतात. रक्ताचा पीएच 7.35 च्या वर असावा लागतो. काकांचा आला 7.12. साखर 642, कीटोन भरपूर.

आणि एचबीए1सी किती? 7.4. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरला हे जमेना. साखर सहाशेच्या वर आणि तीन महिन्यांची सरासरी इतकी साधी? खरं तर निदान याच विसंगतीत होतं. 7.4 म्हणजे सरासरी साखर 166 च्या आसपास. तीन महिन्यांची सरासरी 166 आणि आज 642 असेल, तर ही साखर जुनी नाही, गेल्या दोन-तीन आठवड्यांतच चढली आहे. म्हणून ‘एचबीए1सी फार नाही, काळजी नको’ हे वाक्य इम्युनोथेरपीच्या रुग्णाबाबत उच्चारू नये. रक्त चढवलं असेल किंवा अ‍ॅनिमिया असेल तर हा आकडा तसाही विश्वासाचा राहत नाही.

उपचार ठरलेले आहेत, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी सलाईन, पहिल्या तासात साधारण एक लिटर. मग पोटॅशियम पाहायचं, कारण इन्शुलिन दिल्यावर ते झपाट्याने उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. पोटॅशियम ठीक आल्यावर तासाला दर किलोमागे 0.1 युनिट इन्शुलिन, म्हणजे काकांना सुमारे 6 युनिट. साखर अडीचशेच्या खाली आली तरी इन्शुलिन थांबवत नाहीत, उलट सोबत ग्लुकोज लावतात. नातेवाइकांना हे वेडेपणाचं वाटतं, पण तेव्हा लढाई साखरेशी नसते, कीटोनशी असते. काका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून बसले. नंतर तपासलेलं सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य होतं. शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं ते या तपासणीतून कळतं. अँटिबॉडीची तपासणीही करतात, पण ती निम्म्या रुग्णांत नकारार्थी येते, तिच्यावर निदान टांगून ठेवू नये.

मुलाने विचारलं, ‘डॉक्टर, ते इंजेक्शन बंद केलं तर शुगर जाईल ना?’ नाही जाणार. इम्युनोथेरपीमुळे यकृत किंवा आतडं सुजलं तर औषध थांबवून स्टिरॉइड देतात आणि सूज उतरते. इथे स्टिरॉइडचा उपयोग नाही, साखर आणखी वाढेल एवढंच. गेलेल्या बीटा पेशी परत येत नाहीत. पण याची दुसरी बाजू अशी की इन्शुलिनने साखर ताब्यात आल्यावर इम्युनोथेरपी पुन्हा सुरू करता येते. कर्करोगावर लागू पडणारं औषध साखरेच्या भीतीने कायमचं सोडून देणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. काकांना पाचवा डोस मिळाला. आता ते रोज चार वेळा इन्शुलिन घेतात. एक नियम त्यांना मी पाठ करायला लावला आहे: जेवण गेलं नाही तरी रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्शुलिन सोडायचं नाही. डोस कमी करायचा तर फोन करून. हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्याही त्यांच्यासाठी वर्ज्य, कारण त्या साखर लघवीवाटे काढून आकडा चांगला दाखवतात आणि आत कीटोन वाढत राहतात.

हे सगळं आताच का सांगतो आहे? कालपर्यंत ही औषधं लाखोंची होती आणि माझ्या दवाखान्यात असा रुग्ण वर्षात एखादा यायचा. 2022 मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना निवोलुमॅबच्या फक्त 20 मिलिग्रॅमची जोड दिली होती. नेहमीचा डोस याच्या दहापटीहून जास्त असतो. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. तंबाखूने तोंड गेलेल्या माणसांच्या या शहरात ही फार मोठी गोष्ट आहे. पण डोस लहान असला तरी ब्रेक निघतोच, म्हणून साखरेकडे लक्ष ठेवायचंच. असे रुग्ण आता भांडुप, कांदिवली, विक्रोळीतही दिसणार.

म्हणून रुग्णाच्या घरच्यांना विनंती. प्रत्येक डोसआधी साखर तपासून तारखेसह लिहून ठेवा, आधीच्यापेक्षा वाढलेली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात औषधाचं नाव लिहा, शेवटचा डोस होऊन महिने उलटले असले तरी. आणि तहान, उलट्या किंवा खोल श्वास घेऊन रात्री कुठल्याही कॅज्युअल्टीत पोहोचलात तर ‘केमो चालू आहे’ असं म्हणू नका. ‘इम्युनोथेरपी चालू आहे, साखर आणि कीटोन दोन्ही बघा,’ असं सांगा.