आल्या दाराने परत

मागे एकदा आम्ही एका छोट्या कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरला इंटरनेटची दुसरी लाइन जोडली. पहिली बंद पडली तरी काम थांबू नये, एवढाच हेतू होता. दुसऱ्या नेटवर्क कार्डात केबल लावली, त्याला नवा पत्ता दिला आणि नव्या लाइनीच्या राउटरवरून पिंग करून पाहिलं. उत्तर लगेच आलं. घरी येऊन त्याच नव्या पत्त्यावरची वेबसाइट उघडायला गेलो, तर ब्राउझरचं चक्र फिरतच राहिलं. नकार नाही, चुकीच्या पत्त्याची तक्रार नाही. बऱ्याच वेळाने नुसतं ‘वेळ संपली’.

पहिला संशय अर्थातच फायरवॉलवर गेला. नियम तपासले, दार उघडं होतं. मग सर्व्हरवर `tcpdump` लावून नव्या कार्डावर काय येतंय ते पाहिलं. माझ्या घरच्या संगणकाचं पॅकेट तिथे स्पष्ट दिसत होतं. एकदा आलं, सेकंदाने पुन्हा आलं, मग दोन सेकंदांनी, चार सेकंदांनी. माझा संगणक दार ठोठावत होता, ठोठावणं सर्व्हरच्या कार्डापर्यंत पोहोचतही होतं, पण आतल्या वेबसाइटच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नव्हता. मधल्या मध्ये पॅकेट गिळणारा होता खुद्द लिनक्सचा कर्नल. आणि तो हे नियमानुसार, समजून-उमजून करत होता.

पाकिटावरचा खोटा पत्ता

हा नियम कुठून आला ते आधी पाहू. इंटरनेटवरचं प्रत्येक पॅकेट पोस्टाच्या पाकिटासारखं असतं. त्यावर कुणाला जायचं तो पत्ता असतो, आणि कुणी पाठवलं तोही. पोहोचवणारे राउटर साधारणपणे फक्त पहिला पत्ता वाचतात. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, हे कुणी विचारत नाही. त्यामुळे पाठवणारा तिथे काहीही लिहू शकतो.

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवा कंपनीला याचा फटका बसला. तिच्या सर्व्हरांवर खोट्या पत्त्यांवरून जोडणीच्या विनंत्यांचा भडिमार झाला. सर्व्हर प्रत्येकीला उत्तर पाठवून पुढच्या होकाराची वाट पाहत बसले आणि खऱ्या ग्राहकांसाठी जागाच उरली नाही. अशा हल्ल्यांवरचा उपाय १९९८ मध्ये आणि मग सुधारून मे २००० मध्ये आरएफसी २८२७ या दस्तऐवजात मांडला गेला: ज्या लाइनीवरून पॅकेट आलं, त्या लाइनीवर असा पत्ता असूच शकत नसेल, तर ते तिथल्या तिथे टाकून द्या.

लिनक्सने हेच तत्त्व स्वतःच्या दारात बसवलं. त्या सेटिंगचं नाव `rp_filter`, म्हणजे उलट्या वाटेची तपासणी. पॅकेट आत आलं की कर्नल स्वतःला एक प्रश्न विचारतो: ‘या पाठवणाऱ्याला मला उत्तर द्यायचं असतं, तर मी ते कोणत्या कार्डातून पाठवलं असतं?’ ज्या कार्डातून पॅकेट आलं तेच कार्ड उत्तरात निघालं, तर पाकिटावरचा पत्ता विश्वासाचा. दुसरं निघालं, तर पत्ता खोटा समजून पॅकेट टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला काही कळवायचंही नाही. खोट्या पत्त्यावर तक्रार पाठवून काय उपयोग?

दोन दारं, एकच वाट

एकच लाइन असलेल्या सर्व्हरवर हा प्रश्न कधी चुकत नाही, कारण येण्याजाण्याची वाट एकच असते. दोन लाइनींवर मात्र तो चुकतो. पुस्तकी उदाहरणांसाठी राखून ठेवलेले पत्ते घेऊन आमची मांडणी सांगतो. पहिलं कार्ड `eth0`, पत्ता `198.51.100.10`. दुसरं कार्ड `eth1`, पत्ता `203.0.113.10`. माझ्या घरचा पत्ता `192.0.2.50`.

सर्व्हरच्या वाटांच्या यादीत, म्हणजे राउटिंग टेबलात, तीन ओळी होत्या. पहिल्या लाइनीचे शेजारी `eth0` वर, दुसऱ्या लाइनीचे शेजारी `eth1` वर, आणि उरलेलं सगळं जग पहिल्या लाइनीच्या गेटवेकडे, म्हणजे `eth0` वर. माझं पॅकेट `eth1` वर आलं. कर्नलने विचारलं, `192.0.2.50` ला उत्तर कुठून जाईल? हा पत्ता शेजारी नाही, म्हणून उत्तर आलं `eth0`. आलं एका दारातून, परतीची वाट दुसऱ्या दारातून. पॅकेट फेकलं.

राउटरवरून केलेलं पिंग का चाललं, हेही इथेच उलगडतं. तो राउटर दुसऱ्या लाइनीचा शेजारी होता, आणि शेजाऱ्यांसाठी `eth1` ची वेगळी ओळ होती. म्हणून जवळून केलेली चाचणी पास होते आणि लांबचे ग्राहक अडतात. ही या दोषाची सगळ्यात फसवी खूण आहे.

जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असण्याला असममित राउटिंग म्हणतात. मोठ्या इंटरनेटवर ते नेहमीचंच आहे, कारण प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वाट निवडते. पॅकेट खरं की खोटं याचा त्याच्याशी संबंध नाही. कर्नलची तपासणी मात्र दोन्ही वाटा एकच असतात असं गृहीत धरून चालते.

चोर पकडायचा कसा

फायरवॉलच्या नोंदींत हे पॅकेट सापडत नाही, कारण सर्व्हरच्या प्रोग्रॅमांकडे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम लागण्याआधीच, वाट ठरवण्याच्या पायरीवर ते गळतं. `tcpdump` त्याही आधी, कार्डाजवळ ऐकतो, म्हणून त्याला ते दिसतं. पॅकेट आलेलं दिसतं पण उत्तर कुठल्याच कार्डातून निघत नाही, असं असेल तर संशय पक्का करायला एक आज्ञा पुरते. कर्नलला सरळ विचारायचं: माझ्या घरच्या पत्त्यावरून `eth1` वर असं पॅकेट आलं तर तू काय करशील?

```
ip route get 203.0.113.10 from 192.0.2.50 iif eth1
```

`Invalid cross-device link` असं उत्तर आलं, की चोर सापडला. गळालेल्या पॅकेटांची मोजणीही कर्नल ठेवतो. `nstat -az TcpExtIPReversePathFilter` चालवायचं, बाहेरून वेबसाइट उघडायचा प्रयत्न करायचा आणि आकडा वाढतो का ते पाहायचं. `log_martians` हे सेटिंग १ केलं तर नोंदवहीत अशी ओळ येते:

```
martian source 203.0.113.10 from 192.0.2.50, on dev eth1
```

‘मार्शियन’ म्हणजे मंगळवासी. या वाटेने येऊच शकत नाही असा पाहुणा. ही ओळ वाचताना अनेकांची गफलत होते. `source` या शब्दानंतरचा पत्ता पाठवणाऱ्याचा नसून सर्व्हरचा असतो. पाठवणारा `from` नंतर येतो.

पहारा सैल करून भागत नाही

दोष कळल्यावर हात आपोआप `rp_filter` कडे जातो. त्याच्या तीन किमती आहेत. ० म्हणजे तपासणी बंद, १ म्हणजे आत्ता पाहिली ती कडक तपासणी, २ म्हणजे सैल तपासणी. सैल तपासणीत पाठवणाऱ्याकडे कुठल्याही कार्डातून वाट असली तरी पुरतं. ‘उरलेलं सगळं जग’ अशी ओळ यादीत असेल, तर जवळजवळ प्रत्येक पत्ता त्यात बसतो. त्यामुळे असल्या सर्व्हरवर २ चा पहारा नावापुरताच राहतो.

किंमत बदलतानाही एक खाच आहे. प्रत्येक कार्डाचं सेटिंग वेगळं असतं, आणि `all` नावाचं एक सामाईकही असतं. कर्नल या दोन आकड्यांपैकी मोठा धरतो. म्हणून `eth1` वर ० लिहूनही `all` मध्ये १ असेल, तर तपासणी कडकच राहते. तासभर ‘बंद करूनही बंद होत नाही’ म्हणत बसायचं नसेल, तर दोन्ही आकडे एकत्र पाहावेत.

```
sysctl net.ipv4.conf.all.rp_filter
sysctl net.ipv4.conf.eth1.rp_filter
```

आम्हीही त्या रात्री `all` मध्ये २ लिहिलं. पॅकेट आत गेलं, वेबसाइटने उत्तर दिलं, आणि तरीही माझ्या घरी पान उघडलं नाही. आता `tcpdump` मध्ये उत्तर बाहेर पडताना दिसत होतं, पण पहिल्या लाइनीतून, दुसऱ्या लाइनीचा `203.0.113.10` हा पत्ता लावून. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तो पत्ता तिच्या ग्राहकाचा नव्हताच. तो खोटा दिसत होता. आरएफसी २८२७ पाळणाऱ्या कंपनीने जे करायला हवं तेच तिने केलं, आमचं उत्तर टाकून दिलं. आमच्या दारातला पहारेकरी आम्ही सैल केला होता, पण तोच नियम पाळणारा दुसरा पहारेकरी पुढच्या नाक्यावर उभा होता.

खरी दुरुस्ती

मुळात चूक पहाऱ्याची नव्हती, परतीच्या वाटेची होती. राउटिंग टेबल नेहमी ‘कुणाकडे जायचं’ एवढंच पाहतं. उत्तर कोणत्या पत्त्याच्या नावाने निघालंय हे पाहत नाही. ते पाहायला लावायचं, तर दुसऱ्या लाइनीसाठी वाटांची वेगळी यादी करायची आणि तिच्याकडे बोट दाखवणारा नियम लिहायचा:

```
ip route add 203.0.113.0/24 dev eth1 table 102
ip route add default via 203.0.113.1 dev eth1 table 102
ip rule add from 203.0.113.10 table 102
```

अर्थ सरळ आहे. जे उत्तर `203.0.113.10` च्या नावाने निघेल, त्याने १०२ क्रमांकाची यादी वाचावी. आणि त्या यादीत उरलेल्या जगाची वाट दुसऱ्या लाइनीच्या गेटवेतून जाते. १०२ हा आकडा आम्ही निवडलेला, त्याला वेगळं महत्त्व नाही.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नंतर लक्षात आली. उलटी वाट तपासताना कर्नल पाठवणाऱ्याबरोबरच स्वतःचा कोणता पत्ता विचारला गेला होता, तोही हिशेबात घेतो. त्यामुळे आमचा नवा नियम तपासणीलाही लागू झाला. प्रश्नाचं उत्तर आता `eth1` आलं, आणि `rp_filter` पुन्हा १ केल्यावरही पॅकेट बिनतक्रार आत गेलं. पहारा कडकच राहिला, पाहुण्यांनाही वाट मिळाली.

दोन सावधगिऱ्या सांगायला हव्यात. वरच्या तीन आज्ञा सर्व्हर पुन्हा सुरू झाला की पुसल्या जातात, म्हणून त्या नेटवर्कच्या कायमच्या मांडणीत लिहून ठेवाव्या लागतात. आणि पत्त्याऐवजी पॅकेटवरच्या खुणेवरून वाट ठरवली असेल, तर तपासणी ती खूण आपणहून विचारात घेत नाही. त्यासाठी `src_valid_mark` हे सेटिंग १ करावं लागतं.

त्या रात्री शेवटी घरून पान उघडलं ते आज्ञा लिहिल्याच्या पुढच्याच क्षणी. सकाळी पहिल्या लाइनीची केबल मुद्दाम उपसून पाहिली. दुसऱ्या लाइनीवरची वेबसाइट चालूच होती. दुसरी लाइन घेतली होती ती याचसाठी.